बॅटरी जोडलेली की काढलेली? तीन कपॅसिटरांचं एक गणित

गणित असं आहे. ३ आणि ६ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले आहेत. त्या जोडीला ४ मायक्रोफॅरडचा तिसरा कपॅसिटर पॅरलल आहे. सगळ्यांना मिळून ९० व्होल्टची बॅटरी लावली आहे.

(अ) प्रत्येकाचा चार्ज, व्होल्टेज आणि साठलेली ऊर्जा काढा.
(ब) बॅटरी जोडलेलीच ठेवून ३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये K = ४ चा डायलेक्ट्रिक स्लॅब पूर्ण सरकवला. त्या कपॅसिटरच्या ऊर्जेचं काय होईल?
(क) हाच स्लॅब बॅटरी काढून घेतल्यावर सरकवला असता तर?

फोंड्याला बारावीच्या शिकवणीत मी हे गणित दर वर्षी फळ्यावर लिहितो. (अ) बहुतेकांना जमतं. (ब) ला मुलं झटकन उत्तर देतात, 'ऊर्जा चौपट.' (क) ला तितक्याच झटकन, 'ऊर्जा एक चतुर्थांश.' दोन्ही चूक आहेत. मुलांनी अभ्यास केलेला नसतो असं अजिबात नाही. बॅटरी जोडलेली असताना स्लॅब घातला तर ऊर्जा K पट होते, बॅटरी काढून घातला तर K ने भागली जाते, हे दोन नियम त्यांना चोख पाठ असतात. पण ते नियम एकट्या कपॅसिटरचे आहेत. इथे आपला कपॅसिटर एकटा नाही. त्याच्या एका बाजूला सिरीजमधला जोडीदार आहे आणि दोघांच्या डोक्यावर पॅरलल तिसरा बसलाय.

म्हणून नियम बाजूला ठेवू आणि आकृती काढून नीट पाहू: ३ चा कपॅसिटर वर, ६ चा त्याच्या खाली, बॅटरीचं धन टोक वरच्या तारेला.

३ च्या कपॅसिटरची खालची प्लेट, ६ च्या कपॅसिटरची वरची प्लेट आणि त्यांना जोडणारी तार, हा धातूचा एक सलग तुकडा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना प्लेटांमधली फट आहे, म्हणजे बाहेरून त्यावर चार्ज यायला वाट नाही आणि जायलाही नाही. हा तुकडा दिवाडी बेटासारखा आहे. फेरीबोट बंद असली की दिवाडीची माणसं एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जातील, पण बेटावरची एकूण माणसं तेवढीच राहतील. बॅटरी जोडायच्या आधी या बेटावरचा एकूण चार्ज शून्य होता. जोडल्यावरही तो शून्यच राहणार. ३ च्या खालच्या प्लेटवर जितका ऋण चार्ज गोळा झाला, नेमका तितकाच धन चार्ज ६ च्या वरच्या प्लेटवर उरला पाहिजे. सिरीजमध्ये दोघांचा चार्ज सारखा असतो, त्यामागचं कारण एवढंच आहे.

हे कारण लक्षात ठेवलं की नियमाची हद्दही कळते. बेटावर आधीपासून चार्ज असेल, समजा जोडण्यापूर्वी दोघांपैकी एक कपॅसिटर दुसरीकडे चार्ज करून आणला असेल, तर दोघांचे चार्ज सारखे राहणार नाहीत आणि 1/C = 1/C1 + 1/C2 हे सूत्रही तिथे लागू पडणार नाही. परीक्षेत 'पूर्वी चार्ज केलेला' असे शब्द दिसले की हात आखडता घ्यावा आणि बेटावरच्या चार्जची बेरीज करून सुरुवात करावी.

पॅरललमध्ये गोष्ट उलट आहे. तिथे वरच्या दोन्ही प्लेटा एकाच तारेवर, खालच्या दोन्ही एकाच तारेवर. तारेवर सगळीकडे एकच विभव, म्हणून दोघांवर व्होल्टेज सारखं. चार्ज ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे.

आता (अ). सिरीज जोडीची धारिता ३ × ६ ÷ (३ + ६) = २ मायक्रोफॅरड. तिच्यावर ९० व्होल्ट, म्हणून चार्ज १८० मायक्रोकूलोम, दोघांवर तेवढाच. ३ च्या कपॅसिटरवर १८० ÷ ३ = ६० व्होल्ट, ६ च्यावर १८० ÷ ६ = ३० व्होल्ट. बेरीज ९०, जुळलं. लहान कपॅसिटरवर मोठं व्होल्टेज पडतं, हे इथेच मनात ठसवून ठेवा, पुढे कामाला येईल. तिसऱ्यावर थेट ९० व्होल्ट, चार्ज ३६० मायक्रोकूलोम.

ऊर्जेसाठी U = ½CV². धारिता मायक्रोफॅरडमध्ये ठेवली तर उत्तर मायक्रोज्यूलमध्ये येतं, दहाचे घात ओढत बसावं लागत नाही. पहिल्याची ३ × ६० × ६० ÷ २ = ५४०० मायक्रोज्यूल, म्हणजे ५.४ मिलिज्यूल. दुसऱ्याची ६ × ३० × ३० ÷ २, म्हणजे २.७. तिसऱ्याची ४ × ९० × ९० ÷ २, म्हणजे १६.२. एकूण २४.३ मिलिज्यूल. पडताळा घ्यायचा तर सगळ्यांची मिळून धारिता २ + ४ = ६ मायक्रोफॅरड, आणि ६ × ९० × ९० ÷ २ = २४.३ मिलिज्यूल. ऊर्जेची बेरीज सिरीज असो की पॅरलल, सरळ बेरीजच असते. सिरीज आहे म्हणून ऊर्जेचेही उलटे करून मिळवणारी मुलं मी पाहिली आहेत.

हे आकडे केवढे, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. घरच्या सिलिंग फॅनचा कपॅसिटर साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. त्या शिखरावर फॅनचा कपॅसिटर सुमारे १३० मिलिज्यूल साठवतो, आपल्या तिघांच्या पाचपटीहून जास्त. फॅनचं काम करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन मेन बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज करतो, ते याच्यासाठी.

एक प्रश्न इथे उठायलाच हवा. बॅटरीने एकूण ५४० मायक्रोकूलोम चार्ज ९० व्होल्टवर पुरवला, म्हणजे ५४० × ९० = ४८.६ मिलिज्यूल काम केलं. साठले २४.३. बरोबर अर्धे कुठे गेले? ते तारांच्या रोधात उष्णता होऊन गेले. रोध कमी केला तर नुकसान कमी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. रोध कमी असेल तर प्रवाह मोठा वाहतो आणि कमी वेळात तेवढीच उष्णता तयार होते. स्थिर व्होल्टेजच्या बॅटरीने रिकामा कपॅसिटर भरला की अर्धी ऊर्जा जातेच. ती वाचवायची तर व्होल्टेजच हळूहळू वाढवत न्यावं लागतं. हा अर्धा हिशेब शेवटी पुन्हा लागणार आहे.

(ब) कडे वळण्यापूर्वी स्लॅब आत जाऊन करतो काय, ते पाहू. काच, अभ्रक, प्लास्टिकची फिल्म यांत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, त्यामुळे चार्ज आरपार जात नाही. पण प्लेटांमधल्या क्षेत्रात प्रत्येक रेणूचा धन आणि ऋण भाग किंचित विरुद्ध दिशांना सरकतात, किंवा रेणूच थोडे वळून क्षेत्राच्या रेषेत येतात. आतल्या आत हे सरकणं एकमेकांना खोडून काढतं. फक्त स्लॅबच्या दोन पृष्ठभागांवर ते उघडं पडतं, धन प्लेटसमोर ऋण थर आणि ऋण प्लेटसमोर धन थर. हे थर प्लेटांच्या क्षेत्राला अंशतः छेद देतात. प्लेटांवरचा चार्ज तेवढाच ठेवला तर आतलं क्षेत्र K ने भागलं जातं, व्होल्टेजही K ने भागलं जातं. तेवढ्याच चार्जला कमी व्होल्टेज लागतं, म्हणजे धारिता K पट झाली. स्लॅब करतो तो एवढाच फेरफार: C चं KC होतं. चार्जचं आणि व्होल्टेजचं पुढे काय होणार, हे स्लॅब ठरवत नाही, बाकीचं सर्किट ठरवतं.

म्हणजे ३ चा कपॅसिटर आता १२ मायक्रोफॅरडचा झाला. बॅटरी जोडलेली आहे, म्हणून वरच्या आणि खालच्या तारेत ९० व्होल्ट पक्के. पण पहिल्या कपॅसिटरवरचे ६० व्होल्ट पक्के आहेत असं कुणी सांगितलं? बॅटरीने हमी दिली आहे ती जोडीला मिळून ९० ची. आतली वाटणी बदलणार. इथेच 'ऊर्जा चौपट' हे उत्तर कोसळतं.

जोडीची नवी धारिता १२ × ६ ÷ १८ = ४ मायक्रोफॅरड. चार्ज ३६० मायक्रोकूलोम, आधीच्या दुप्पट. पहिल्यावर व्होल्टेज ३६० ÷ १२ = ३०, दुसऱ्यावर ३६० ÷ ६ = ६०. वाटणी नेमकी उलटी झाली. पहिल्याची ऊर्जा १२ × ३० × ३० ÷ २ = ५.४ मिलिज्यूल.

स्लॅब घालण्यापूर्वीही ती ५.४ च होती.

साखळीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने यावर विचारलं होतं, 'सर, चार्ज दुप्पट झाला, धारिता चौपट झाली, मग ऊर्जा जागची हललीच नाही, असं कसं?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सूत्रातच आहे. U = Q²/2C असं लिहा. वर Q चा वर्ग, तो चौपट झाला. खाली C, तोही चौपट झाला. दोन्ही कटले.

पण नेहमी कटतात असंही समजू नका. K बदलून पाहा. K = २ घेतला तर पहिला ६ चा होतो, दोघे सारखे, दोघांवर ४५ व्होल्ट, आणि पहिल्याची ऊर्जा ६ × ४५ × ४५ ÷ २, म्हणजे ६.०७५ मिलिज्यूल. ती वाढली. K = ८ घेतला तर तो २४ चा होतो, त्याच्यावर फक्त १८ व्होल्ट उरतात आणि ऊर्जा ३.८८८ वर घसरते. म्हणजे K वाढत जाताना पहिल्याची ऊर्जा आधी चढते, दोन्ही कपॅसिटर सारखे झाले की शिखर गाठते आणि मग उतरते. आपल्या गणितातला K = ४ हा उतरणीवरचा तो बिंदू आहे जिथे ती पुन्हा मूळ पातळीवर येते. 'डायलेक्ट्रिकने ऊर्जा वाढते की कमी होते' या प्रश्नाला सिरीजमध्ये सरसकट उत्तर नाही. सिरीज जोडीची एकूण ऊर्जा मात्र बॅटरी जोडलेली असताना वाढतेच. इथे दुसऱ्याची १०.८ झाली, जोडीची १६.२, आधीच्या ८.१ च्या दुप्पट. तिसऱ्या कपॅसिटरला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्यावर ९० व्होल्ट होते, ९० च आहेत.

प्रत्यक्ष सर्किटमध्ये यातली धोक्याची गोष्ट वेगळीच असते. स्लॅब गेला पहिल्यात, पण व्होल्टेज वाढलं दुसऱ्यावर, ३० वरून ६०. दुसरा कपॅसिटर ५० व्होल्टचा असेल तर फुटेल तो दुसरा, ज्याला कुणी हातही लावलेला नाही. आणि तो शॉर्ट झाला की सगळे ९० व्होल्ट पहिल्यावर येतील. म्हणून सिरीजमध्ये कपॅसिटर घालताना दोघांची व्होल्टेज मर्यादा नुसती मिळवून चालत नाही. वाटणी धारितेच्या उलट प्रमाणात होते, तिचा हिशेब करावा लागतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर त्यांच्यातून थोडी थोडी गळतीही होत असते आणि काही वेळाने व्होल्टेजची वाटणी त्या गळतीवर ठरायला लागते. तिथे प्रत्येकाला समांतर एकेक रोध लावून वाटणी धरून ठेवतात.

आता (ब) चा ऊर्जेचा ताळेबंद. बॅटरीने नवा चार्ज पुरवला १८० मायक्रोकूलोम, काम केलं १८० × ९० = १६.२ मिलिज्यूल. साठा वाढला ८.१ ने. उरलेले ८.१? स्लॅब हळूहळू सरकवला असेल तर ते उष्णतेत गेलेले नाहीत. प्लेटांच्या कडेशी क्षेत्राच्या रेषा बाहेर फुगलेल्या असतात आणि त्या स्लॅबला आत ओढतात. आपल्याला तो ढकलावा लागत नाही, उलट हाताने रोखून धरावा लागतो. ते ८.१ मिलिज्यूल काम हातावर झालं.

(क) कडे येऊ. बॅटरी काढली. 'आता चार्ज कायम' असं म्हणून पहिल्यावर १८० मायक्रोकूलोम कायम धरले की ऊर्जा १.३५ मिलिज्यूल येते, एक चतुर्थांश. तिसरा कपॅसिटर नसता तर हे अगदी बरोबर होतं. पण तो आहे. पुन्हा बेट शोधा. बॅटरी काढल्यावर वरची तार, पहिल्याची वरची प्लेट आणि तिसऱ्याची वरची प्लेट मिळून एक नवं बेट तयार झालं. कायम राहणार तो या बेटावरचा एकूण चार्ज, १८० + ३६० = ५४० मायक्रोकूलोम. त्यातला किती पहिल्याकडे आणि किती तिसऱ्याकडे, हे बदलू शकतं.

नवी एकूण धारिता ४ + ४ = ८ मायक्रोफॅरड. व्होल्टेज ५४० ÷ ८ = ६७.५. चार्ज आता दोन फांद्यांत सारखा, २७० आणि २७०. म्हणजे तिसऱ्याने ९० मायक्रोकूलोम सिरीज जोडीला दिले. पहिल्यावर २७० ÷ १२ = २२.५ व्होल्ट, आणि त्याची ऊर्जा १२ × २२.५ × २२.५ ÷ २, म्हणजे जवळपास ३.०४ मिलिज्यूल. ५.४ चा एक चतुर्थांश नाही, निम्म्याहून थोडी जास्त. तिघांची मिळून ऊर्जा ८ × ६७.५ × ६७.५ ÷ २ = १८.२२५ मिलिज्यूल. आधी २४.३ होती. कमी झालेले ६.०७५ मिलिज्यूल पुन्हा हातावरच्या कामात गेले.

हे सगळं बरोबर आहे की नाही, हे तपासायची एक पद्धत मला फार आवडते. (क) संपल्यावर तीच ९० व्होल्टची बॅटरी परत जोडा. शेवटची स्थिती (ब) सारखीच होणार, कारण कपॅसिटर तेच, स्लॅब आतच, व्होल्टेज तेच. एकूण धारिता ८, व्होल्टेज ९०, म्हणून लागणारा चार्ज ७२० मायक्रोकूलोम. बेटावर ५४० आहेतच, बॅटरी १८० देईल आणि काम करेल १६.२ मिलिज्यूल, (ब) इतकंच. ऊर्जा १८.२२५ वरून ३२.४ वर जाईल, म्हणजे १४.१७५ ने वाढेल. फरक उरतो २.०२५ मिलिज्यूल. या वेळी स्लॅब हलत नाही, म्हणून हा फरक सगळा तारेतली उष्णता आहे. ६७.५ व्होल्टचा कपॅसिटर ९० च्या बॅटरीला एकदम जोडल्याची ती किंमत. तिचं सूत्रही स्वतंत्रपणे लावून पाहता येतं: धारिता गुणिले व्होल्टेजच्या फरकाचा वर्ग, त्याचं निम्मं. ८ × २२.५ × २२.५ ÷ २ = २०२५ मायक्रोज्यूल. तंतोतंत.

(ब) च्या वाटेने हातावर ८.१ मिलिज्यूल काम झालं. (क) च्या वाटेने हातावर ६.०७५ आणि तारेत २.०२५, मिळून ८.१. तुमच्या वहीत ही बेरीज जुळली नाही, तर बेट कुठलं धरलं ते पुन्हा पाहा. बहुतेक वेळा तिसऱ्या कपॅसिटरची वरची प्लेट त्यातून सुटलेली असते.